तीस रुपयांचा शेअर, चाळीस रुपयांचा भार

एका कंपनीचे १० रुपये दर्शनी किंमतीचे ४० लाख शेअर आहेत, म्हणजे भागभांडवल ४ कोटी रुपये. ताळेबंदात जनरल रिझर्व्ह ३ कोटी, नफ्यातली शिल्लक अडीच कोटी, सिक्युरिटीज प्रीमियम दीड कोटी आणि जमिनीचं पुनर्मूल्यांकन केल्यामुळे तयार झालेला २ कोटींचा निधी. तारणाची आणि विनातारण कर्जं मिळून १५ कोटी ६० लाख. कंपनीला आपलेच शेअर ३० रुपये दराने भागधारकांकडून परत विकत घ्यायचे आहेत. जास्तीत जास्त किती घेता येतील?

कंपनी हिशेब शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला या धाटणीचं गणित कधी ना कधी भेटतंच. ते दिलं की वर्गात साधारण तीन उत्तरं येतात. कुणी १० लाख सांगतं, कुणी ९ लाख १६ हजार ६६६, कुणी ८ लाख. बरोबर उत्तर ८ लाख आहे. पण १० लाख का चुकलं आणि ९ लाख १६ हजार ६६६ का चुकलं, हे ज्याला नीट कळलं त्याला बायबॅकचा कायदा कळला, असं मी मानतो.

बायबॅक हा शब्द आता शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या घराघरांत पोचला आहे. २०१७ मध्ये टीसीएसने २,८५० रुपये दराने १६ हजार कोटींचे शेअर परत घेतले, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा तो फॉर्म भरला असेल. बाजारापेक्षा चढा भाव मिळतो, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. समोरच्या बाजूला कुणी तरी बसलेलं असतं, हे मात्र सुटतं. तो म्हणजे कंपनीला कर्ज देणारा, माल उधार देणारा धनको. कंपनीच्या तिजोरीतून भागधारकाकडे गेलेला प्रत्येक रुपया हा धनकोच्या आधारातून कमी झालेला रुपया असतो. बायबॅकच्या सगळ्या अटी त्याच्याकडे पाहून लिहिलेल्या आहेत.

याचं मूळ इंग्लंडमधल्या एका निवाड्यात आहे. जेम्स स्कोफिल्ड अँड सन्स नावाच्या कंपनीने एका भागधारकाचे शेअर स्वतःच विकत घेतले होते. पुढे कंपनी दिवाळ्यात निघाली आणि त्या भागधारकाच्या वारसांनी उरलेली रक्कम मागितली. कंपनीच्या नियमावलीत असे शेअर घेण्याची मुभाही लिहिलेली होती. तरीही १८८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मागणी फेटाळली. ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ हा तो खटला. त्यातलं सूत्र असं की मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला उधार देणारा माणूस तिच्या भांडवलाच्या भरवशावर देतो. धंद्यात ते भांडवल बुडालं तर तो त्याने पत्करलेला धोका. पण कंपनीने ते भागधारकांना गुपचूप परत वाटून टाकावं, हा धोका त्याने पत्करलेला नसतो. आपल्याकडेही हेच तत्त्व अनेक दशकं चाललं. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या वटहुकमाने पहिल्यांदा बायबॅकचं दार उघडलं, १९९९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि आज हा विषय २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ६८ ते ७० मध्ये आहे. दार उघडताना कायद्याने उंबऱ्यावर अटी ठेवल्या. आपलं गणित म्हणजे त्यांतल्या तीन अटींची बेरीज-वजाबाकी.

पहिली अट शेअरच्या संख्येची. एका आर्थिक वर्षात कंपनीने आपल्या समभागांपैकी २५ टक्क्यांहून अधिक परत घेऊ नयेत. ४० लाखांचे २५ टक्के म्हणजे १० लाख. ही कसोटी लावायला ताळेबंद उघडावाही लागत नाही.

दुसरी अट पैशाची. बायबॅकवर होणारा खर्च भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांत बसला पाहिजे. इथे पहिला खड्डा आहे. मुक्त राखीव निधी म्हणजे ज्यातून लाभांश वाटता येतो तो. जनरल रिझर्व्ह आणि नफ्यातली शिल्लक त्यात येतात. सिक्युरिटीज प्रीमियममधून लाभांश देता येत नाही, तरी कलम ६८ च्या स्पष्टीकरणाने तो या कामापुरता मुक्त निधीत धरला आहे. पुनर्मूल्यांकनाचे २ कोटी मात्र धरायचे नाहीत. जमिनीचा भाव वाढला असं कागदावर लिहिल्याने तो निधी झाला. त्यातला एक रुपयाही बँकेत आलेला नाही. बँकेत न आलेला पैसा भागधारकांना देणार कसा?

म्हणून बेरीज अशी: ४ कोटी, ३ कोटी, अडीच कोटी, दीड कोटी. एकूण ११ कोटी. त्याचे २५ टक्के म्हणजे २ कोटी ७५ लाख. ३० रुपये दराने त्यात ९,१६,६६६ शेअर येतात. ज्याने पुनर्मूल्यांकनाचे २ कोटी मिळवून १३ कोटी धरले, त्याला इथे १० लाख ८३ हजार मिळतात. मग पुढची तिसरी कसोटीही त्याला सैल वाटते, आणि तो पहिल्या अटीचे १० लाख हेच उत्तर समजून थांबतो. वर्गातलं १० लाखांचं उत्तर बहुतेकदा असं येतं.

आता तिसरी अट, आणि या गणिताचा खरा जीव. बायबॅक झाल्यावर कंपनीचं एकूण कर्ज हे तिच्या भांडवल आणि मुक्त निधीच्या दुपटीहून अधिक नसावं. काही वर्गांतल्या कंपन्यांसाठी सरकार याहून सैल प्रमाण ठरवू शकतं, पण सर्वसाधारण कंपनीला दोनास एक हेच प्रमाण. आपलं कर्ज १५ कोटी ६० लाख आहे, तेव्हा बायबॅकनंतर भांडवल आणि मुक्त निधी मिळून किमान ७ कोटी ८० लाख उरले पाहिजेत. आज ११ कोटी आहेत. म्हणजे कमी करायला जागा ३ कोटी २० लाखांची.

घाईतला विद्यार्थी इथे ३ कोटी २० लाखांना ३० ने भागतो. उत्तर येतं १० लाख ६६ हजार. ते दुसऱ्या कसोटीहून मोठं, म्हणून तो ९,१६,६६६ वर शिक्का मारतो. चूक इथे होते, कारण एक शेअर परत घेतला की या ३ कोटी २० लाखांच्या जागेतून ३० रुपये जात नाहीत, ४० जातात.

कसे ते पाहू. कंपनी भागधारकाला ३० रुपये देते. त्यातले १० भांडवलातून वजा होतात, कारण तो शेअरच रद्द झाला. उरलेले २० मुक्त निधीतून जातात. इथवर ३० झाले. पण कलम ६९ आणखी एक काम सांगतं. मुक्त निधीतून किंवा प्रीमियममधून शेअर परत घेतले, तर त्यांच्या दर्शनी किंमतीइतकी रक्कम कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह या खात्यात वळवून ठेवायची. म्हणजे आणखी १० रुपये मुक्त निधीतून उचलून कुलपात. हे १० रुपये कंपनीबाहेर गेलेले नाहीत, पण ते आता लाभांशाला मिळणार नाहीत, म्हणून मुक्तही राहिले नाहीत. त्यातून पुढे फक्त पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देता येतात. प्रमाण मोजताना ते गणले जात नाहीत.

तेव्हा हिशेब सरळ झाला. ३ कोटी २० लाख भागिले ४०, बरोबर ८ लाख शेअर. खर्च २ कोटी ४० लाख, आणि रिडेम्प्शन रिझर्व्हला ८० लाख. पाठ्यपुस्तकांत ही पायरी दोन चलांच्या समीकरणाने सोडवतात: एका चलात बायबॅकची रक्कम, दुसऱ्यात निधीकडे वळवायची रक्कम. त्यात गैर काही नाही. पण भाव अधिक दर्शनी किंमत, एवढंच लक्षात ठेवलं तर समीकरण मांडावंच लागत नाही, आणि समीकरण पाठ करणाऱ्याच्या हातून निसटणारं कारणही हाती राहतं.

तिन्ही कसोट्यांची उत्तरं आता समोर आहेत: १० लाख, ९,१६,६६६ आणि ८ लाख. तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असल्याने सर्वांत लहान आकडा चालतो. ८ लाख.

ताळा करून पाहू. ८ लाख शेअर रद्द झाले, म्हणजे भांडवल ३ कोटी २० लाख. दर्शनी किंमतीवर दिलेले २० रुपये गुणिले ८ लाख, म्हणजे १ कोटी ६० लाख. ते आधी प्रीमियम खात्याच्या दीड कोटीतून भागवले आणि कमी पडलेले १० लाख जनरल रिझर्व्हमधून घेतले. रिडेम्प्शन रिझर्व्हचे ८० लाखही जनरल रिझर्व्हमधूनच काढले. तिथे ३ कोटींतून ९० लाख गेले, उरले २ कोटी १० लाख. नफ्यातल्या अडीच कोटींना हात लागला नाही. बेरीज करा: ३ कोटी २० लाख, २ कोटी १० लाख आणि २ कोटी ५० लाख, झाले ७ कोटी ८० लाख. कर्ज त्याच्या बरोबर दुप्पट. हाच ताळा ९,१६,६६६ शेअर धरून केला तर उरतात सुमारे ७ कोटी ३३ लाख आणि प्रमाण २.१३ वर जातं. कायदा मोडला.

याच ताळ्यात एक देखणी गोष्ट दडलेली आहे. बायबॅकपूर्वी भांडवल ४ कोटी होतं. नंतर ३ कोटी २० लाख भांडवल आणि ८० लाख रिडेम्प्शन रिझर्व्ह, मिळून पुन्हा ४ कोटी. १८८७ च्या निवाड्याने ज्या उशीचं रक्षण केलं होतं ती तेवढीच जाड राहिली. फक्त खात्याचं नाव बदललं. गेला तो पैसा कंपनीने कमावलेल्या किंवा प्रीमियम म्हणून जमवलेल्या निधीतला. म्हणूनच संसदेला बायबॅकसाठी न्यायालयाची पायरी काढून टाकता आली. नव्याने शेअर विकून आलेल्या पैशातून बायबॅक केला तर रिडेम्प्शन रिझर्व्ह लागत नाही, कारण तिथे जुन्या भांडवलाची जागा नवं भांडवल घेतं. मात्र त्याच प्रकारचे शेअर आधी विकून त्या पैशातून बायबॅक करता येत नाही. समभाग परत घ्यायचे तर पैसा प्रेफरन्स शेअरसारख्या दुसऱ्या प्रकारातून यायला हवा.

भाव बदलला की कोणती कसोटी आवळते तेही बदलतं. आपल्याच कंपनीने भाव २० रुपये ठेवला असता तर तिसऱ्या कसोटीने १० लाख ६६ हजार शेअर घेऊ दिले असते आणि संख्येची पहिली अट, १० लाखांची, आडवी आली असती. भाव ८० ठेवला तर पैशाची दुसरी अट ३,४३,७५० वर थांबवते, कर्जाची त्याच्या थोडी पुढे. २२ ते ६१ रुपयांच्या दरम्यानच्या भावात या कंपनीला कर्जाचं प्रमाण रोखतं. म्हणून एका गणितात कुठली कसोटी लागू पडली ते पाठ करून उपयोग नाही. तिन्ही दर वेळी करायच्या.

कागदावर ८ लाख आले म्हणून संचालक मंडळाने ८ लाखांचीच ऑफर काढावी का? मी तरी काढू नये म्हणेन. प्रमाण काठोकाठ दोन आहे. ताळेबंदाची तारीख आणि शेवटचा चेक यांच्यात काही महिने जातात. त्या काळात कॅश क्रेडिट दहा लाखांनी वर गेलं किंवा तिमाहीला तोटा झाला, तर अट बायबॅक पूर्ण झाल्यावरच्या स्थितीला लागू असल्याने ती मोडते. थोडी जागा राखून साडेसात लाख घेणं शहाणपणाचं.

आता हे कोणी ठरवायचं? नियमावलीत बायबॅकची तरतूद हवी. भांडवल आणि मुक्त निधीच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे १ कोटी १० लाखांपर्यंत, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. आपले २ कोटी ४० लाख त्याच्या पुढचे आहेत, तेव्हा भागधारकांच्या सभेत विशेष ठराव लागेल. विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. ठरावापासून वर्षभरात काम संपवायचं. एक बायबॅक संपल्यावर वर्षभर दुसरा काढता येत नाही. शेअर पूर्ण भरणा झालेले हवेत. संचालकांना आपण कंपनीच्या स्थितीची कसून चौकशी केली असून ती वर्षभरात देणी न फेडण्याच्या अवस्थेत जाणार नाही, असं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं. त्यावर किमान दोन संचालकांची सही असते, आणि कंपनीला व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्यांतली एक त्याची. काम संपल्यावर सात दिवसांत परत आलेले शेअर नष्ट करायचे. ते कपाटात ठेवून भाव वाढल्यावर पुन्हा विकणं आपल्याकडे चालत नाही. आणि पुढचे सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढायचे नाहीत. बोनस, कर्मचाऱ्यांचे स्टॉक ऑप्शन किंवा आधीच दिलेल्या डिबेंचरचं रूपांतर, असे मोजके अपवाद आहेत.

कलम ७० तर काही कंपन्यांना उंबऱ्यावरच थांबवतं. ठेवी, डिबेंचर, मुदत कर्ज किंवा त्यांवरचं व्याज फेडण्यात कंपनी चुकली असेल, तर ती थकबाकी मिटवून तीन वर्षं होईपर्यंत बायबॅक नाही. स्वतःच्या उपकंपनीच्या हातून शेअर घेण्याची पळवाटही त्याच कलमाने बंद केली आहे.

समजा आता मंडळाला ८ नव्हे, १५ लाख शेअर परत घ्यायचे आहेत. ४० लाखांच्या ३७ टक्क्यांहून अधिक. बायबॅकमध्ये हे एका वर्षात होणारच नाही. मग कलम ६६ उरतं, भांडवल कपातीचं. दोन्हींत शेअर कमी होतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात, पण त्यांच्या अटींचा स्वभावच वेगळा आहे. भांडवल कपातीत २५ टक्क्यांची मर्यादा नाही, दोनास एक प्रमाण नाही, रिडेम्प्शन रिझर्व्ह नाही. आकड्यांची जागा इथे माणसं घेतात. विशेष ठराव झाल्यावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते, कारण इथे ४ कोटींची उशीच खरोखर पातळ होणार असते आणि तिचा आधार घेतलेल्यांना विचारल्याशिवाय ते करता येत नाही.

कपातीचं सर्वांत साधं रूप पैसे न देताही होतं. दुसरी एक कंपनी घ्या. भांडवल तसंच ४ कोटी, पण वर्षानुवर्षांच्या तोट्याने २ कोटी ४० लाख खाल्लेले आणि राखीव काहीच नाही. ४ कोटींमागे मालमत्ता फक्त १ कोटी ६० लाखांची. ही कंपनी १० रुपयांचा शेअर ४ रुपयांचा करते. ४० लाख गुणिले ६, म्हणजे २ कोटी ४० लाख भांडवलातून आणि तेवढेच तोट्याच्या खात्यातून एकदम पुसले जातात. कुणालाही एक रुपया मिळत नाही, कुणाचा हिस्साही बदलत नाही. गेलेलं भांडवल गेलं, हे फक्त ताळेबंदाने कबूल केलं. पुढच्या वर्षी नफा झाला तर तो जुना तोटा भरण्यात न जाता लाभांशाला मोकळा होतो. धनकोला इथे तितकीशी धास्ती नसते.

पैसे बाहेर जाणारी कपात मात्र वेगळी. पुण्याजवळ दापोडीच्या सँडविक एशिया कंपनीने प्रवर्तक सोडून बाकी भागधारकांचेच शेअर पैसे देऊन रद्द करायचं ठरवलं होतं. छोट्या भागधारकांपैकी काहींनी विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींनी योजना नाकारली. खंडपीठाने २००९ मध्ये ती मान्य केली. बायबॅकमध्ये शेअर द्यायचा की ठेवायचा हे भागधारक स्वतः ठरवतो. कपातीत बहुमताचा ठराव मंजूर झाला तर नको म्हणणाऱ्याचाही शेअर जातो. या निकालाला मी कायद्याच्या दृष्टीने चूक म्हणत नाही, पण एखाद्याने पिढीजात ठेवलेले शेअर असे सक्तीने काढून घेता येतात, ही गोष्ट फार थोड्या गुंतवणूकदारांना ठाऊक असते, आणि ती ठाऊक असायला हवी. तिथे भाव वाजवी आहे की नाही, हाच त्याच्या हातातला एक धड प्रश्न उरतो.

तर आपल्या पहिल्या कंपनीचा १५ लाख शेअरचा अर्ज न्यायाधिकरणापुढे गेला आहे असं धरू. ठेवी थकल्या असतील तर तो तिथेच संपतो. नसतील तर केंद्र सरकार, कंपनी निबंधक आणि प्रत्येक धनको यांना सूचना जाते. कंपनी बाजारात नोंदलेली असेल तर सेबीलाही. त्यांना म्हणणं मांडायला तीन महिने मिळतात. कुणी बोललं नाही तर हरकत नाही असं धरलं जातं. १५ कोटी ६० लाख देणाऱ्या बँका बोलल्या, तर त्यांचं कर्ज फेडलं आहे, त्याला तारण दिलं आहे किंवा त्यांची संमती घेतली आहे, याबद्दल न्यायाधिकरणाची खात्री पटावी लागते. हिशेबाची पद्धत लेखामानकांना धरून आहे, असा लेखापरीक्षकाचा दाखलाही हवा. आणि धनकोंच्या यादीतून एखादा छोटा पुरवठादार निसटला, त्याला या कार्यवाहीचा पत्ताच नव्हता आणि पुढे कंपनी त्याचे पैसे देऊ शकली नाही, तर कपात नोंदली गेली त्या दिवशी जे भागधारक होते त्यांना त्याच्या देण्यात वाटा उचलावा लागू शकतो. ते नाव जाणूनबुजून लपवलेल्या अधिकाऱ्यावर फसवणुकीचं कलम ४४७ लागतं.